शोभन संवत्सरातली बाटली

माझा बालमित्र मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झाला. गावात त्याला सगळे ‘चीफ’च म्हणतात, त्याची आईसुद्धा रागावली की म्हणते. २०२३ च्या नोव्हेंबरात तो साठीचा झाला. पंधरा दिवस आधी त्याच्या मुलाचा मला फोन आला. “काका, बाबांची बाटली उघडायची आहे. आणि मला टोस्ट द्यायचाय. दोन्ही येत नाही.”

माझी सगळी नोकरी मोठ्या हॉटेलांच्या दारूच्या तळघरांत गेली. बाटली उघडायला मला बोलावणं साहजिक होतं. टोस्टचं मात्र मी सांगितलं की आधी बाटली बघू. ती कशी निघते त्यावर तू काय बोलायचं ते ठरेल. त्याला ते पटलं नाही. त्याने भाषण आधीच लिहून ठेवलं होतं.

बाटली मी पूर्वी दोनदा पाहिली होती. १९९० मध्ये चीफची बोट पोर्तुगालमध्ये लेशोइशच्या बंदरात लागली होती. पोर्तू शहराचं बंदर ते. तिथल्या एका दुकानात त्याने १९६३ सालची पोर्ट पाहिली, स्वतःच्या जन्मसालाची. तो सत्तावीस वर्षांचा, बाटलीही सत्तावीस वर्षांची. बराचसा पगार ओतून त्याने ती घेतली. ‘पगार’ हा शब्द आपल्याला ज्या भाषेने दिला त्याच देशात तो खर्च झाला, म्हणजे तसा हिशेब चुकता झाला म्हणायचा.

गोव्याहून परतणारे लोक ‘पोर्ट वाइन’ म्हणून गोड लाल बाटल्या आणतात. ही त्यातली नव्हे. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षं तुडवून रस आंबायला ठेवतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपते न संपते, तोच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. तिच्यात मद्यार्क सत्त्याहत्तर टक्के. त्या माऱ्याने आंबवणारं किण्व मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास पोचतो. ही गोडी आणि हा जोर असल्यामुळेच ती साध्या वाइनपेक्षा फार जास्त टिकते. मग ती लाकडी पिंपात भरतात. तिथे या पिंपाला ‘पिपा’ म्हणतात आणि आपलं पीप, पिंप त्यावरूनच आलं. दोरूच्या एका पिपात सुमारे साडेपाचशे लिटर मावते.

बहुतेक पोर्ट अनेक वर्षांच्या मालाची सरमिसळ करून बनते. एखाद्याच वर्षी पीक असं उतरतं की व्यापारी ते साल वेगळं जाहीर करतात. दशकातून साधारण तीनदा. अशा सालाची पोर्ट पिंपात दोनच वर्षं राहते, मग न गाळता बाटलीत भरतात आणि पुढचं सगळं वय तिने बाटलीत काढायचं. १९६३ हे अशा सालांतलं गेल्या शतकातलं एक फार नावाजलेलं साल. इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत मूल जन्मलं की त्या सालची पोर्ट तळघरात आडवी घालून ठेवायची रीत होती, कधी बाटल्यांच्या पेट्या, कधी पिंपभर. मूल वयात आलं की उघडायची. चीफच्या वडिलांनी १९६३ मध्ये त्याच्यासाठी फार तर एक नारळाचं रोप लावलं असेल. ही रीत त्याने स्वतःच स्वतःसाठी उशिरा पार पाडली.

शिवाय एक योग त्याला कुणी सांगितलेला नव्हता. साठ संवत्सरांचं चक्र फिरून माणसाच्या जन्माचं संवत्सर पुन्हा येतं, साठीला मान आहे तो त्यामुळे. चीफ जन्मला ते शके १८८५, शोभन नाम संवत्सर. २०२३ साली शके १९४५, पुन्हा शोभन. आणि त्याच शरदात दोरूच्या खोऱ्यात ती द्राक्षं तुडवली गेली होती. म्हणजे षष्ठ्यब्दी दोघांचीही होती. घरच्या भटजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून शांतीच्या दिवशी बाटलीचा विषय काढायचा नाही हे उमगलं. तिथीने शांत आणि तारखेने बाटली, असं ठरलं. सुदैवाने दोन्हींत काही दिवसांचं अंतर होतं.

मी रत्नागिरीजवळच्या त्यांच्या घरी चार दिवस आधी पोचलो. खरी धास्ती होती ती तेहतीस वर्षांच्या उकाड्याची. पोर्टला तळघरातला बारा-तेरा अंशांचा गारवा लागतो. कोकणात वर्षाची सरासरीच सत्तावीसच्या घरात. चीफच्या आईने मात्र आपल्या परीने सोय केली होती. कोठीच्या खोलीत, जांभ्याच्या जाड भिंतीलगत एक लाकडी पेटी होती. तीत भाताचं तूस गच्च भरलेलं आणि मधोमध बाटली आडवी निजलेली. आजी म्हणाल्या, “आंब्यासारखी आढी घातलीय.”

आजींची आढी निम्मी बरोबर होती. आडवी ठेवल्यामुळे बूच आतून ओलं राहिलं, सुकून आक्रसलं नाही. तुसामुळे दिवस-रात्रीचा चढउतार बाटलीपर्यंत पोचला नाही, आणि तो चढउतार वाईटच असतो. दारू फुगते, आक्रसते, बुचाला ढकलते आणि कडेने पाझरते. पण तूस उष्णता अडवतं ते तेवढ्यापुरतं. वर्षानुवर्षांची सरासरी अखेर आत पोचतेच. रसायनातला एक ढोबळ नियम आहे, दहा अंश वाढले की क्रिया जवळजवळ दुप्पट वेगाने होतात. त्या हिशेबाने घरातली तेहतीस वर्षं तळघरातल्या ऐंशी-नव्वद वर्षांएवढी भरतात. हा हिशेब काटेकोर नव्हे, वाइनमध्ये एकाच वेळी अनेक क्रिया चालतात आणि सगळ्या एका वेगाने पळत नाहीत. पण मुलाला मी सांगितलं ते असं, “बाटली तुझ्या बाबांपेक्षा बरीच म्हातारी आहे, हे धरून चाल.”

बाटलीच्या एका अंगावर चुन्याच्या बोटासारखा पांढरा रंगाचा फटकारा असतो. तळघरात ती बाजू वर ठेवायची. खालच्या बाजूला गाळाचा थर धरतो आणि काचेला पापुद्र्यासारखा चिकटतो. बाटली हलवताना बाजू बदलली की तो थर फुटून सगळी दारू गढूळ होते. आम्ही ती फटकारा वरच ठेवून तुसातून काढली, अगदी झोपलेलं मूल उचलावं तशी. लेबल कसरीने खाल्लं होतं, साल वाचता येत नव्हतं. मी बॅटरी मागे धरून पातळी पाहिली. मानेच्या बुडाशी होती. साठ वर्षांच्या बाटलीला ही पातळी चांगलीच म्हणायची. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असती तर हवा आत शिरल्याची खूण. बुचावरचं लाखेचं झाकण शाबूत, कडेने चिकट ओघळ नाही. मग हळूहळू उभी करून तीन दिवस तशीच ठेवली, गाळ तळाशी बसावा म्हणून.

ते तीन दिवस आम्ही टोस्टवर घालवले.

मुलाचं लिखित भाषण दीड पान होतं. चीफ जन्मला त्याच महिन्यात थुंब्याहून भारताचं पहिलं रॉकेट उडालं, हे त्यात होतं. बाबांनी पाहिलेले देश होते, इंटरनेटवरून उचललेलं वाइन आणि माणूस यांच्या वयाबद्दलचं एक वाक्य होतं, जे प्रत्येक साठीला कुणीतरी म्हणतं. मी त्याला विचारलं, “यातलं फक्त तूच सांगू शकशील असं काय आहे?” तो बराच वेळ गप्प बसला.

टोस्ट म्हटलं की आपल्याला चहात बुडवायचा बेकरीचा टोस्ट आठवतो. त्यात फारशी चूक नाही. इंग्लंडात जुन्या काळी मसाला लावलेला भाजक्या पावाचा तुकडा प्यालात टाकत, चव यावी म्हणून. पुढे ज्या व्यक्तीच्या नावाने प्याला उचलायचा, तिच्या नावानेच पेयाला चव येते अशी थट्टा सुरू झाली आणि पावाचं नाव त्या व्यक्तीला आणि मग त्या बोलण्याला चिकटलं. म्हणून टोस्ट हे भाषण नव्हे. प्याले आधीच भरलेले असतात, लोकांचे हात वर धरून अवघडतात, त्यामुळे दीड मिनिटाच्या आत संपवायचं. शेवट असा करायचा की सगळ्यांना एक शब्द एकत्र म्हणता येईल. आणि ज्याचा सन्मान तो बसून राहतो, तेव्हा पीत नाही. स्वतःच स्वतःची आरती ओवाळण्यासारखं ते होतं.

तो एक शब्द सापडायला आम्हाला दुसरा अख्खा दिवस लागला. ‘चिअर्स’ मुलाला कोरडं वाटत होतं. ‘बाबांच्या नावानं’ असं मी सुचवलं आणि त्याच्या आईने लगेच हात जोडले. आपल्याकडे कुणाच्या नावानं पाणी सोडतात, शिमगा करतात. ‘बाबांसाठी’ म्हटलं की वर्गणी काढल्यासारखं. अखेर आजींनीच तोडगा काढला. त्या माझ्याशी बोलताना म्हणाल्या, “शंभरी गाठू दे म्हणजे झालं.” शब्द मिळाला. शंभरी.

बाटलीमुळे टोस्टची वेळही ठरली. एवढी म्हातारी दारू उघडल्यावर हवेत फार टिकत नाही. तरुण पोर्टला हवा लागून सुवास फुलायला काही तास मिळाले तर बरंच. हिच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात काय असेल ते असेल. त्यामुळे मी स्पष्ट सांगितलं की टोस्ट आधी, मामा-काकांची भाषणं नंतर. एका काकांना हे अजून पचलेलं नाही. शिवाय पाहुण्यांपुढे थेट उघडायची नाही, आधी स्वयंपाकघरात उघडून मी चाखणार. बुचाची बुरशी दारूला लागली असेल तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, एकदा कळला की चुकत नाही. शिर्का झालेली नाकालाच कळते. तसं काही निघालं तर शोभेला नाशिकच्या दोन लाल बाटल्या तयार होत्या आणि मुलाला बोलण्याचा सूर बदलावा लागणार होता. नासलेल्या बाटलीपुढे उभं राहून बाबांना तिची उपमा देणाऱ्याची फजिती मी एका मोठ्या हॉटेलात पाहिली आहे.

तारखेच्या दिवशी सात वाजता आम्ही दार लावून घेतलं. साध्या स्क्रूने असलं बूच काढायला जाऊ नये. पोर्टच्या जुन्या बाटल्यांची मान मध्ये किंचित फुगलेली असते. बूच तिथे साठ वर्षं फुगून बसलेलं, खाली मऊ, वर ठिसूळ. ओढलं की वरचा अर्धा भाग हातात आणि खालचा चुरा आत. म्हणून पोर्टचा चिमटा वापरतात. लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा, टोकाला मानेच्या मापाची कडी. तो गॅसवर लालबुंद करायचा, बुचाच्या खाली मानेभोवती साधारण मिनिटभर धरायचा, काढायचा आणि त्याच रेषेवर बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं टेकवायचं. तापल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं की तो तडकतो, तेच इथे मुद्दाम आणि एका रेषेत करायचं असतं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. फडकं मी बर्फातून काढून हातात फार वेळ धरलं होतं आणि कोकणातल्या हवेत ते कोमट झालं होतं. दुसऱ्यांदा मुलाने पातेलंच शेजारी धरलं. टक् असा आवाज आला, अगदी बारीक, आणि मान बुचासकट माझ्या हातात आली. कड सुरीने कापल्यासारखी. ओल्या कापडाने ती पुसून घेतली, काचेचा कण राहू नये म्हणून. मग तुटलेल्या मानेतून बूच सोडवलं. त्याच्या अंगावर आकडे डागलेले होते, १९६३. लेबल कसरीने खाल्लं तरी बुचावरचं साल तिला मिळालं नव्हतं.

ओतायचं काम मेणबत्तीवर होतं. खांद्यामागे ज्योत ठेवायची, धुतलेलं मलमल गाळणीवर पसरायचं आणि एका धारेत, न थांबता, बाटली पुन्हा सरळ न करता ओतत राहायचं. ज्योतीच्या उजेडात आधी स्वच्छ प्रवाह दिसतो. मग धुरासारखी एक काळसर रेघ सरकत येते. तिथे थांबायचं. साडेसातशे मिलिलिटरमधून साडेसहाशे मिळाले, बाकी गाळ. पिणारे चौदा, म्हणजे माणशी पंचेचाळीस मिलिलिटर. घरात परवाना फक्त चीफकडे होता, तोही आजन्म, आणि उरलेल्या तेरा जणांनी मी हे बोलून दाखवल्याबद्दल नापसंती दर्शवली.

मी चाखली. तळघरात राहिलेली १९६३ अजून लालसर असती. हिचा रंग कडेला थेट चहाचा, मध्ये विटेचा. वास खारकेचा, अक्रोडाचा, करपायला आलेल्या गुळाचा. फळाचा ताजेपणा जवळजवळ गेलेला, मद्यार्क किंचित वर आलेला. पण गोडी शाबूत होती आणि घोट गिळल्यावर चव बराच वेळ तोंडात राहत होती. उष्णतेने तिला घाईघाईने म्हातारी केलं होतं, नासवलं नव्हतं. दारात उभ्या मुलाला मी एवढंच सांगितलं, “थकलीय, पण आहे.”

त्याने खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

न पिणाऱ्यांच्या हातात कोकम सरबत होतं. आजींच्या पेल्यातला रंग आमच्यापेक्षा जास्त तरुण दिसत होता. पोरगा उभा राहिला आणि जे बोलला ते मला आठवतं तसं देतो.

“दीड मिनिट लागेल. माझ्या लहानपणी बाबा वर्षातले आठ महिने बोटीवर असायचे. ही बाटली बाराही महिने घरी. त्यामुळे खरं सांगायचं तर बाबांपेक्षा हिच्याशी माझी ओळख जास्त. परीक्षेला जाताना आजीच्या पाया पडायचो आणि पेटीवरून हात फिरवून निघायचो. काका म्हणाले, इथल्या उकाड्यात बाटली वयापेक्षा म्हातारी झाली, दर दहा डिग्रीला वेग दुप्पट. बाबांनी तीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. तिथे पंचेचाळीस डिग्री असतं. काकांच्या गणिताने बाबा आज दोनशेचे तरी असायला हवेत.” इथे हसू उसळलं. चीफने मान हलवून मला दुजोरा दिला. “बाबा प्रत्येक बंदरातून फोन करायचे. पैसे फार पडायचे, म्हणून थोडंच बोलायचे. माझं विचारायचे, आजीचं विचारायचे आणि शेवटी आईला म्हणायचे, ‘बाटली आहे ना?’ आई म्हणायची, ‘आहे.’ मला वाटायचं, बाबांचा जीव बाटलीत आहे. मोठं झाल्यावर कळलं की सगळं ठीक आहे ना, हे आईला सरळ विचारायला त्यांना जमत नव्हतं. मघाशी काकांनी आत चाखून पाहिली. बाबा, आहे. उठा सगळे. बाबा, तुम्ही बसा. शंभरी!”

“शंभरी!” बावीस जण ओरडले, त्यात आठ कोकम.

चीफ नियम पाळून बसून होता, भरलेला पेला गुडघ्यावर. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून त्याने ते पुसले नाहीत. सगळ्यांचं पिऊन झालं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, “आता मी पिऊ, की अजून कसली शांत बाकी आहे?” पहिला घोट घेतला आणि पेला बायकोकडे दिला. तिने वास घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, “गूळ थोडा करपलाय.” दोरूत जन्म घालवलेल्या चाखणाऱ्यानेही याहून नेमकं सांगितलं नसतं.

मग काकांची भाषणं झाली. रात्री आवराआवर चालली असताना आजी स्वयंपाकघरात रिकामी बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. आगळ भरायला ती त्यांनी तेहतीस वर्षं मनात धरून ठेवली होती.

“बूच काढायला मान मोडायची काय गरज होती?” त्यांनी मला विचारलं.